यायचं नाही म्हणजे नेमकं काय?

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर पाण्याची टाकी साफ करण्याची नोटीस लागली. वर मराठी, खाली तिचंच इंग्रजी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ सेक्रेटरींच्या दारात उभे. मूळचे चेन्नईचे, मराठी जेमतेम कळतं, त्यामुळे त्यांनी खालचाच मजकूर वाचलेला. ते दर महिन्याला पाच तारखेच्या आत ऑनलाइन पैसे भरतात. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की वेळेवर पैसे भरणाऱ्यालाच ऑफिसात यायची बंदी का?

मराठी ओळ अशी होती: 'ज्यांनी देखभाल खर्च ऑनलाइन भरला आहे, त्यांनी पावतीसाठी कार्यालयात यायचं नाही.' सेक्रेटरींनी खाली लिहिलं होतं, 'मेंबर्स हू हॅव पेड ऑनलाइन मस्ट नॉट कम टू द ऑफिस फॉर द रिसीट.' त्यांच्या मनात होतं, बाबांनो, हेलपाटा कशाला घालता, पावती मेलवर येईल. कागदावर उतरलं ते मात्र, खबरदार आलात तर.

मी पंचवीसेक वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आहे, त्यामुळे असे कागद शेवटी माझ्याकडे येतात. नोटीस काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा तिच्यात आणखी दोन ओळी तशाच निघाल्या. मराठीत 'सफाई चालू असताना मुलांनी गच्चीवर जाऊ नये' असं स्पष्ट होतं, त्याचं इंग्रजी झालं होतं 'चिल्ड्रन डोन्ट हॅव टू गो ऑन द टेरेस'. आणि 'सफाई कामगारांना वेगळे पैसे देण्याची गरज नाही' याचं, 'मेंबर्स नीड नॉट टू पे द क्लीनर्स'. एका पानात तीन चुका, आणि तिन्ही एकाच जागी घसरलेल्या. इंग्रजीतला 'नॉट' कुणाला चिकटतो ते कळलं नाही, की असं होतं.

होकारात काही अडचण येत नाही. 'यू मस्ट पे' म्हणा की 'यू हॅव टू पे' म्हणा, पैसे द्यावेच लागणार. दोघांमध्ये छटेचा फरक आहे, त्याकडे येईन. पण नकार लावला, की हे जुळे भाऊ एकदम उलट दिशांना तोंड करून बसतात. 'मस्ट नॉट पे' म्हणजे देता कामा नये. 'डोन्ट हॅव टू पे' म्हणजे दिले नाहीत तरी चालेल. पहिल्यात दार बंद आहे, दुसऱ्यात दार उघडं आहे आणि आत जायचं की नाही ते तुमच्यावर सोडलं आहे.

असं का होतं, ते मराठीतूनच छान दिसतं. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा: 'ही गोळी जेवणानंतर घेता कामा नये' आणि 'ही गोळी जेवणानंतरच घेतली पाहिजे असं नाही'. पहिल्यात नकार गोळी घेण्याला लागला आहे. सक्ती तशीच आहे, पण ती न घेण्याची सक्ती आहे. दुसऱ्यात नकार सक्तीला लागला आहे, सक्तीच उठली. इंग्रजीतला 'मस्ट नॉट' पहिल्या वाक्यासारखा वागतो, 'डोन्ट हॅव टू' दुसऱ्यासारखा. डॉक्टरांनी दुसरं सांगितलं आणि घरातल्या कुणी आजीच्या डबीवर 'मस्ट नॉट टेक आफ्टर फूड' असं लिहून चिकटवलं, तर बाहेरगावची नर्स ती गोळी रोज उपाशीपोटीच देणार. तिची काही चूक नाही.

आपण नेमके इथेच का घसरतो? कारण मराठी बोलण्यात 'यायचं नाही' दोन्हीकडे चालतं. आई मुलाला म्हणते, 'अंधार पडल्यावर खाली जायचं नाही.' ती बंदी. आणि लग्नाला बोलावताना तीच आई मैत्रिणीला बजावते, 'हे बघ, काही आणायचं नाही हं!' इथे बंदी कसली, तुम्ही पेढे नेलेत तर ती हसत घेणारच. शब्द तेच, फरक सुरात आहे. 'नको'चंही तसंच. 'तू यायला नको' म्हणजे तुझ्यावाचून काम भागेल. 'तू यायला नको होतंस' म्हणजे आलास ते वाईट केलंस. बोलताना डोळे, हात, सूर मदतीला असतात. फळ्यावरच्या कागदाला सूर नसतो, आणि इंग्रजीत गेल्यावर तर दोनातला एक अर्थ निवडावाच लागतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच युक्ती देत असे. इंग्रजी वाक्य करायच्या आधी मराठी वाक्य पुन्हा सांगून बघा. त्यात 'कामा नये' बसतं का? मग 'मस्ट नॉट'. 'लागत नाही' किंवा 'नाही केलं तरी चालेल' बसतं का? मग 'डोन्ट हॅव टू'. सोसायटीच्या ओळीवर लावून पाहा. 'पावतीसाठी कार्यालयात येता कामा नये', छे, असं सेक्रेटरींना म्हणायचंच नव्हतं. 'यावं लागणार नाही', हे बरोबर. मुलांचं उलट. 'मुलांना गच्चीवर जावं लागत नाही' हे वाक्य ऐकूनच हसू येतं, जणू रोज त्यांना तिथे धरूनबांधून नेत होते आणि आता सुटका झाली. पण इंग्रजीत नेमकं तेच छापलं गेलं होतं.

माझ्या मते या दोन चुकांत दुसरी जास्त वाईट. पहिल्या चुकीनं कुणाला राग येतो, तो येऊन भांडतो आणि खुलासा होतो. दुसरीत धोक्याची सूचना नुसती सवलत होऊन बसते. वाचणाऱ्याला काही खटकत नाही, तो विचारायला येत नाही, आणि झाकण उघडलेल्या टाकीपाशी पोरं खेळत राहतात.

एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. पुण्यात जर्मन शिकणारी मुलं पुष्कळ, आणि त्यांना हा सापळा आणखी जवळून भेटतो. जर्मनमध्ये 'म्युसन' हे क्रियापद इंग्रजी 'मस्ट'चं सख्खं भावंडं, पण 'डू मुस्ट निश्ट' म्हणजे तुला करायची गरज नाही. बंदी घालायची तर वेगळं क्रियापद, 'डू डार्फस्ट निश्ट'. म्हणजे एकाच घरातल्या दोन भाषांनी तोच नकार दोन वेगळ्या ठिकाणी चिकटवला. आपलं डोकं मंद म्हणून हे चुकतं असं कुणी वाटून घेऊ नये. जर्मन माणसंही इंग्रजी बोलताना हीच चूक करतात.

आता होकारातली छटा. 'मस्ट'मध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आवाज असतो, 'हॅव टू'मध्ये बाहेरून आलेल्या सक्तीची बातमी असते. शिक्षक वर्गात म्हणतात, 'यू मस्ट वेअर द युनिफॉर्म.' तोच मुलगा घरी येऊन सांगतो, 'वी हॅव टू वेअर अ युनिफॉर्म.' मराठीत पहिल्याला 'घातलाच पाहिजे' आणि दुसऱ्याला 'घालावा लागतो' इतकं सरळ आहे. बोलण्यात हा फरक पुष्कळदा पुसट होतो, आणि अमेरिकेत तर रोजच्या बोलण्यातून 'मस्ट' बराचसा हद्दपारच झाला आहे; तिथे सगळं 'हॅव टू'वर चालतं आणि बंदीसाठी 'कान्ट' म्हणतात. त्यामुळे परीक्षेत यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही. पण पत्रात जपावं. साहेबांना 'यू मस्ट सेंड द फाइल बाय इव्हनिंग' असं लिहिलंत, तर तो हुकूम होतो, आणि तो तुमच्या तोंडून आलेला असतो. 'वी हॅव टू सबमिट द फाइल बाय इव्हनिंग' म्हटलं, की सक्ती ऑडिटरची किंवा सरकारची होते आणि तुम्ही दोघं एका बाजूला येता.

उलट सल्ला देताना, आग्रह करताना 'मस्ट'च गोड लागतो. 'यू मस्ट ट्राय द पुरणपोळी' यात सक्ती नाही, 'अहो, खाऊन तर बघा' आहे. तिथे 'यू हॅव टू' अगदी दोस्तीत चालेल, एरवी जरा गळ्यात पडल्यासारखं वाटतं.

'मस्ट'ला भूतकाळ नाही. मूळ जुन्या इंग्रजीत 'मस्ट' हेच एका दुसऱ्या क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं; ते मूळ रूप लोप पावलं आणि भूतकाळी रूप वर्तमानात येऊन बसलं. आता त्याला पुन्हा भूतकाळात ढकलायला जागाच उरली नाही. म्हणून काल जावं लागलं हे 'आय हॅड टू गो'नंच सांगायचं, उद्या जावं लागेल हे 'आय विल हॅव टू गो'नं. 'ही मस्ट हॅव गॉन' याचा अर्थ त्याला जावं लागलं असा होत नाही. तो गेला असणार, असा आपला अंदाज होतो. आणि कालची बंदी सांगायची तर 'मस्ट नॉट' सोडून द्यायचं आणि 'वॉज नॉट अलाउड टू' म्हणायचं.

उच्चाराचंही एक. 'मस्ट नॉट' जोडून म्हटलं, की मधला 'ट' गळतो, 'मसन्ट' ऐकू येतं. 'मस्टन्ट' असं ठासून म्हणणारे आपल्याकडे खूप. आणि 'हॅव टू' झपाट्यानं बोललं, की 'व'चा 'फ' होऊन 'हॅफ टू' होतं. ऐकताना हे माहीत नसलं, तर पहिल्या दोनचार वेळा माणूस गोंधळतो.

आता उरली तिसरी ओळ, 'मेंबर्स नीड नॉट टू पे'. इथे अर्थ बरोबर होता, घडण चुकली. हिंदुस्थानातल्या ऑफिसांच्या पत्रव्यवहारात 'यू नीड नॉट टू वरी' इतक्या वेळा दिसतं, की पुष्कळांना ते शुद्धच वाटतं.

'नीड' हे एकच क्रियापद दिसतं, पण त्याचे दोन अवतार आहेत. पहिला साधा, 'ईट' किंवा 'वाँट'सारखा. त्याला 'ही'पुढे 'स' लागतो, नकारासाठी 'डू'ची मदत लागते आणि पुढच्या क्रियापदाआधी 'टू' लागतो: 'ही नीड्स टू पे', 'ही डझन्ट नीड टू पे'. दुसरा अवतार 'मस्ट'च्या, 'कॅन'च्या पंगतीतला. तो फक्त नकारात आणि प्रश्नात दिसतो, त्याला 'स' नाही, 'डू' नाही आणि 'टू'ही नाही: 'ही नीड नॉट पे', 'नीड ही पे?' जसं 'मस्ट टू गो' किंवा 'कॅन टू गो' कानाला लगेच टोचतं, तसंच 'नीड नॉट टू गो'ही टोचायला हवं. ते टोचत नाही, कारण पहिल्या अवताराचा 'टू' आपल्या कानात बसलेला असतो आणि तो आपण दुसऱ्याला चिकटवतो. शिवाय 'ऑट नॉट टू' हा शुद्ध प्रयोग आहेच. 'ऑट' हा त्या पंगतीतला एकटा पाहुणा, जो स्वतःचा 'टू' बरोबर घेऊन येतो. त्याच्याकडे बघून 'नीड'लाही वाटी दिली जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. वाक्यात 'डोन्ट', 'डझन्ट' किंवा 'डिडन्ट' आहे का? असेल तर 'टू' हवा. 'नॉट' थेट 'नीड'ला लागलाय का? मग 'टू' काढा. 'यू डोन्ट नीड टू पे' किंवा 'यू नीड नॉट पे'. मधला रस्ता नाही. 'ही नीड्स नॉट पे' हीसुद्धा त्याच जातीची चूक, तिथे 'स' फाजील आहे.

कधीकधी 'नीड नॉट टू' हे तीन शब्द एका रांगेत शुद्धही असतात, पण तेव्हा गोष्ट वेगळी असते. 'द नीड नॉट टू शाउट' म्हणजे न ओरडण्याची गरज. इथे 'नीड' नाम आहे. आणि 'आय नीड नॉट टू थिंक अबाउट इट' हे कुणी मुद्दाम म्हटलं, तर अर्थ होईल, मला त्याचा विचार न करणं भाग आहे. बघा, नकार पुन्हा पुढच्या क्रियापदाला जाऊन चिकटला. म्हणजे 'नीड नॉट टू पे' चुकून लिहिणाऱ्याचं वाक्य अगदी अक्षरशः वाचलं, तर सवलतीच्या जागी न देण्याची सक्तीच निघू शकते. वाचणारा बहुधा समजून घेतो, हे आपलं नशीब.

'नीड नॉट'बद्दल मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे, की दिसायला तो हुबेहूब 'मस्ट नॉट'सारखा आहे. मागे एक सहायक शब्द, पुढे 'नॉट', मग क्रियापद. पण 'मस्ट नॉट'मध्ये नकार पुढे सरकतो आणि 'नीड नॉट'मध्ये मागे. म्हणूनच 'मस्ट आय पे?' या प्रश्नाला ब्रिटिश इंग्रजीत 'नाही, गरज नाही' असं उत्तर द्यायचं तर 'नो, यू मसन्ट' म्हणून चालत नाही, 'नो, यू नीडन्ट' म्हणावं लागतं. 'मस्ट'ची सक्ती उठवायचं काम त्याच्या शेजाऱ्याला करावं लागतं.

आपल्याकडे याला जुना जोडीदार आहे. मराठी व्याकरणात 'नये', 'नको' यांच्या शेजारी 'नलगे' हे क्रियापद शिकवतात. 'न' आणि 'लगे', म्हणजे लागत नाही. जुन्या अभंगांत आणि पत्रांत ते सर्रास भेटतं, आज 'सांगणे नलगे' एवढ्यापुरतं उरलं आहे. 'नीडन्ट' म्हणजे अगदी 'नलगे', आणि 'मसन्ट' म्हणजे 'नये'. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही वर बघत.

भूतकाळात 'नीड'चे दोन अवतार पुन्हा कामाला येतात. पाहुणे पेढे घेऊन आले, तर 'यू नीडन्ट हॅव ब्रॉट पेढे'. म्हणजे आणलेत, पण उगाच आणलेत. 'आय डिडन्ट नीड टू बाय मिल्क' म्हणजे दूध घ्यायची गरज नव्हती. बहुतेक घेतलंही नाही, कारण घरात होतं. पहिल्यात गोष्ट घडून गेलेली असते, दुसऱ्यात ते उघड नसतं.

नोटिसा आणि नियम लिहिताना ब्रिटनच्या 'हायवे कोड'ची शिस्त मला फार आवडते. हे रस्त्यावरच्या नियमांचं पुस्तक, पहिल्यांदा 1931 साली निघालं. आजच्या आवृत्तीत जिथे कायद्याची सक्ती आहे तिथे 'मस्ट' किंवा 'मस्ट नॉट' ठळक मोठ्या अक्षरांत छापतात आणि कोणत्या कायद्यानं ते खालीच सांगतात. जिथे नुसता सल्ला आहे तिथे 'शुड'. शब्द बघितला, की दंड होईल की नुसतं कुणी नाराज होईल ते कळतं. आपल्या सोसायट्यांच्या नोटिसांत सगळ्याच ओळी 'मस्ट'च्या असतात, चपला बाहेर काढण्यापासून लिफ्टमध्ये चार माणसांपुरतं. मग खरी सक्ती कुठली ते कुणालाच उमगत नाही.

नोटीस मी अशी बदलून दिली. पाण्याचं 'प्लीज फिल वॉटर ऑन सॅटर्डे नाइट' तसंच राहू दिलं, ती विनंतीच होती. गच्चीच्या ओळीत 'चिल्ड्रन मस्ट नॉट गो ऑन द टेरेस व्हाइल द टँक इज ओपन'. सफाईवाल्यांच्या ओळीत 'यू डोन्ट हॅव टू पे द क्लीनर्स'. 'नीड नॉट पे' लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण ते ऑफिसच्या पत्रातलं वाटतं, आणि कुणीतरी पुन्हा मध्ये 'टू' घातला असता. पावतीची ओळ 'इफ यू हॅव पेड ऑनलाइन, यू डोन्ट हॅव टू कम टू द ऑफिस. द रिसीट विल बी ईमेल्ड'.

सेक्रेटरींनी वाचलं आणि वरच्या मराठी ओळीवर बोट ठेवलं. "मग आमचं 'यायचं नाही' पण बदलायला हवं की."

"हवंच," मी म्हटलं. तिथे 'येण्याची गरज नाही' असं झालं.

पुढच्या महिन्यात सहा तारखेला मी कार्यालयात गेलो, तर तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ टेबलासमोर बसलेले. मेलवर पावती आली होती, पण त्यांना शिक्क्याची हवी होती. सेक्रेटरी शिक्का शोधत होते.